आजोबांचं काविळीचं औषध आणि प्रेझेंटेशननंतरचे प्रश्न

"मॅडम, पुढच्या शनिवारी आमच्या कॉलेजात वर्गातली एक मैत्रीण पारंपरिक औषधांवर प्रेझेंटेशन देतेय. तिच्या गावी आजोबा काविळीचं औषध देतात, फुकट, दर रविवारी रांग लागते. मला तिचा किंवा आजोबांचा अपमान करायचा नाहीये, पण 'शंभर टक्के गुण येतो' हे ऐकून गप्प बसणंही बरं वाटत नाही. काय आणि कसं विचारू?"

अशा रविवारच्या रांगेत उभं राहून मग माझ्या ओपीडीत आलेले पेशंट मी पुण्यात गेली 25 वर्षं बघतेय, आणि कॉलेजातल्या अशा प्रेझेंटेशनना परीक्षक म्हणूनही बरेचदा बसलेय, त्यामुळे कुठे बिनसतं ते दोन्ही बाजूंनी बघितलंय. "गुण येतो" हे ऐकायला एक वाक्य आहे पण त्यात चार वेगळी विधानं एकत्र बांधलेली असतात. एक, लोक लांबून येतात आणि त्यांचा विश्वास आहे. दोन, तो पाला खरंच औषधी आहे. तीन, आलेली माणसं बरी होतात. चार, ती त्या पाल्यामुळेच बरी होतात. पहिलं विधान खरंच आहे, रांग समोर दिसते. दुसरं लॅबमध्ये तपासायचं. तिसरंही बहुतेक वेळा खरं असतं, हे आधी मान्य करून टाक. क्लिनिकल पुरावा लागतो तो फक्त चौथ्याला. तू उठून नुसतं "याला पुरावा काय?" म्हणालास की तो प्रश्न चारही विधानांवर जाऊन पडतो, म्हणजे आजोबांनी पैसे न घेता घालवलेल्या इतक्या वर्षांच्या रविवारांवरही, आणि मग ती मुलगी औषधाबद्दल बोलायचं सोडून आजोबांचा प्रामाणिकपणा सांगायला लागते. तसं झालं की समजायचं प्रश्न चुकीच्या जागी लागला. प्रामाणिकपणाबद्दल कुणालाच शंका नव्हती.

आता तिसरं आणि चौथं विधान वेगळं कसं करायचं, कारण सगळी मेख तिथेच आहे.

आपल्याकडे तरुण मुलांना होणारी कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए किंवा ई ची असते, दूषित पाण्यातून येणारी, ड्रेनेजची लाईन फुटून पिण्याच्या लाईनीत मिसळली की एकेका सोसायटीत पाच-सात जणांना एकदम होते तीच. ही कावीळ धडधाकट माणसात आपली आपण बरी होते. आणि तिचा क्रम ठरलेला आहे. आधी काही दिवस ताप, मळमळ, जेवणाचा वास नको होतो, अंग मोडून येतं, तेव्हा कुणालाच कळत नाही की कावीळ आहे, क्रोसिन घेऊन दिवस ढकलतात. मग लघवी गडद होते, मग डोळे पिवळे. गंमत अशी की डोळे पिवळे व्हायच्या सुमारास ताप उतरलेला असतो आणि बऱ्याच जणांना थोडं बरंही वाटायला लागतं, पण घरच्यांना धास्ती तेव्हाच भरते कारण पिवळं आता दिसतं. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे ज्यानं डोळे पिवळे दिसतात तो रंग, साधारण एक-दोन आठवडे चढतं, मग उतरायला लागतं, आणि चार ते सहा आठवड्यांत बहुतेक जण मोकळे होतात.

आता एक मुलगा धर, सिंहगड रोडला राहणारा, 19 वर्षांचा. 1 तारखेला ताप. 6 तारखेला लघवी गडद, 8 तारखेला आईला डोळे पिवळे दिसले, 9 ला रिपोर्ट, बिलिरुबिन 6. (नॉर्मल साधारण 1 पर्यंत असतं, आणि अडीच-तीनच्या वर गेलं की डोळ्यात दिसायला लागतं.) मामा म्हणतो आमच्या गावाकडे औषध आहे, 11 तारखेला रविवार, पहिला डोस. तीन रविवार घ्यायचं असतं, म्हणजे 11, 18 आणि 25. मधे 15 च्या आसपास बिलिरुबिन 9 वर जाऊन आलं, पण ते कुणी तपासलंच नाही कारण तेव्हा तो गावी होता. 18 ला भूक लागायला लागली. 25 ला तिसरा डोस, 27 ला रिपोर्ट, बिलिरुबिन 2. घरात पेढे. या गोष्टीत कुणी खोटं बोललेलं नाही, मामा नाही, आजोबा नाहीत, रिपोर्ट तर नाहीच. फक्त तीन रविवारांचा कोर्स आणि आजाराचा स्वतःचा उतार हे दोन्ही एकाच वेळी येतात. त्या मुलानं गावी जाऊन नुसता ताकभात खाल्ला असता तरी 27 चा रिपोर्ट साधारण असाच आला असता.

म्हणून तुझा पहिला क्लिनिकल प्रश्न हा असू दे: "आजोबांकडे पेशंट पहिल्यांदा येतो तेव्हा डोळे पिवळे होऊन साधारण किती दिवस झालेले असतात, आणि बरा झाला असं आजोबा कशावरून आणि कितव्या दिवशी ठरवतात?" यात कुठेही संशय नाही, तिला याचं उत्तर घरातून माहीत असणार आहे, आणि उत्तर देताना ती स्वतःच तारखा मांडते. नुसती मांडणी झाली तरी पुरे. लगेच दुसरा: "एकाच घरात दोघांना कावीळ झाली आणि एकानंच औषध घेतलं, असं आजोबांच्या आठवणीत आहे का? दुसऱ्याला किती दिवस लागले?" पाण्यातून येणाऱ्या काविळीत असं होतंच होतं, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना अशी घरं नावानिशी आठवतात. तुलना म्हणजे काय हे यातून कळतं, कंट्रोल ग्रुप वगैरे शब्द वापरायचीही गरज पडत नाही.

पण हे दोन्ही प्रश्न आधी विचारू नकोस. सुरुवात संस्कृतीच्या बाजूनं कर, आणि ती शिष्टाचार म्हणून नको, खरी कर, कारण त्या बाजूला विचारण्यासारखं भरपूर आहे. औषध पैसे घेतले तर लागू पडत नाही असं का मानतात? पाला कोण तोडतं, कुठल्या वेळी, तोडताना काय म्हणतात? घरात पुढे कुणाला शिकवायचं, मुलीला शिकवतात का सुनेला, हे कसं ठरतं? माझ्या माहितीतल्या एका घरात ते ज्ञान मोठ्या सुनेकडे जायचं, मुलीकडे नाही, कारण मुलगी सासरी जाणार आणि झाड या डोंगरावर. अशी गोष्ट एकदा गेली की गेली, आणि तिची किंमत औषध लागू पडतं की नाही यावर ठरत नाही.

इथेच एक गल्लत सारखी होते ती आधीच माहीत असू दे. तुझी मैत्रीण एखाद्या स्लाइडवर हळदीच्या पेटंटची गोष्ट सांगेल, बहुतेक जण सांगतातच. 1995 मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याला पेटंट मिळालं, आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे सरकारी विज्ञान संशोधन परिषदेनं, डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली ते लढवलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण पेटंट रद्द कशावर झालं तर हे ज्ञान नवीन नाही, आमच्याकडे जुन्या लिखाणात आधीपासून आहे, यावर. हळदीनं जखम किती दिवसात भरते हे तिथे ठरवलंच गेलं नाही. तो मालकीचा निवाडा होता. एखादी गोष्ट किती जुनी आणि कुणाची, हे पोथ्या आणि नोंदींवरून सिद्ध होतं. ती किती लागू पडते हे पेशंट मोजूनच सिद्ध होतं, एकाचा कागद दुसरीकडे चालत नाही. ती म्हणाली "हे हजार वर्षं जुनं आहे" तर तू म्हण, "हो, आणि ते जुनं आहे म्हणून त्यावर पहिला हक्क त्या लोकांचा आहे हे मला पटतं. लागू पडतं याच्यासाठी तू वेगळं काय बघितलंस?"

जुन्या निरीक्षणाचं खरं मोल कुठे असतं याचं एक उदाहरण मला फार आवडतं. चरकसंहितेत काविळीच्या एका प्रकाराबद्दल म्हटलंय की रोग्याची शी वाटलेल्या तिळासारखी पांढरट होते. आज आम्ही पेशंटला पहिल्या पाच मिनिटांत हेच विचारतो, शीचा रंग काय, कारण पित्त आतड्यात उतरलंच नाही तर शी पांढुरकी होते, म्हणजे पित्तनलिकेत खडा किंवा गाठ अडकलीये का ते बघायला सोनोग्राफी करायची. सोनोग्राफी नसताना ज्यांनी हे टिपलं त्यांची नजर पक्की होती. पण निरीक्षण अचूक असलं म्हणून त्याच पानावरचं औषधही लागू पडतंच असं होत नाही, ते वेगळं तपासावं लागतं.

आता दुसरं विधान, पाला औषधी आहे का. काविळीच्या औषधात भुईआवळी असण्याची शक्यता खूप आहे, आणि तसं असेल तर ती एक शोधनिबंध दाखवेल, आणि तो खराही आहे. 1988 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मद्रासच्या एका टीमचा प्रयोग छापून आला, त्यात बरूच ब्लूमबर्गही होते, म्हणजे हिपॅटायटिस बी चा विषाणू शोधण्यासाठी ज्यांना 1976 मध्ये नोबेल मिळालं ते. हिपॅटायटिस बी शरीरात बाळगणाऱ्या लोकांना 30 दिवस भुईआवळीची पूड दिली, दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी खोटी गोळी. औषध संपल्यावर 15-20 दिवसांनी रक्त तपासलं तर औषधवाल्या 37 पैकी 22 जणांच्या रक्तातला विषाणूचा अँटिजेन, म्हणजे विषाणू असल्याची खूण, गेलेला, आणि खोट्या गोळीवाल्या 23 पैकी फक्त एकाचा. हे आकडे बघून कुणालाही वाटेल की विषय संपला.

विषय संपला नाही. त्यानंतर थायलंडमध्ये तीच वनस्पती तशाच लोकांना देऊन बघितली, अँटिजेन गेला नाही. इतर ठिकाणीही पहिल्यासारखा निकाल परत मिळाला नाही, आणि 2011 मध्ये उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेनं सगळे प्रयोग एकत्र तपासून म्हटलं की खोट्या गोळीच्या तुलनेत फायदा होतो असा पटण्यासारखा पुरावा नाही. का झालं असेल असं? एक तर पहिला गट लहान होता, फक्त 60 जणांचे रिपोर्ट. दुसरं म्हणजे भुईआवळी हे एका झाडाचं नाव नाहीच, त्याच दिसण्याच्या चार-पाच जाती आपल्याकडे रस्त्याच्या कडेला उगवतात आणि बाजारात सगळ्या एकाच नावानं विकल्या जातात. आणि अजून एक, जे बहुतेक प्रेझेंटेशनमधे सुटतं: तो प्रयोग वर्षानुवर्षं मुरलेल्या हिपॅटायटिस बी वर होता. आजोबांकडे येणारी पाण्यातून झालेली कावीळ हा वेगळा आजार. म्हणजे तो प्रयोग शंभर टक्के खरा निघाला असता तरी रविवारच्या रांगेबद्दल तो काही सांगत नाही.

तर प्रश्न असा ठेव: "तो 1988 चा अभ्यास तू दाखवलास ते चांगलं केलंस. तो ज्या काविळीवर होता तीच आजोबांकडे येते का? आणि नंतर दुसऱ्यांनी करून बघितलं तेव्हा काय निघालं ते तुझ्या वाचनात आलं का?" तिला माहीत नसेल तर तू स्टेजसमोर उभा राहून थायलंडचा निकाल सुनावू नकोस, नंतर चहाला भेटून सांग. भर सभेत उत्तर माहीत असूनही प्रश्न विचारणं म्हणजे परीक्षा घेणं, आणि परीक्षा घ्यायला तिथे परीक्षक असतात.

झाडाचं नाव ती सांगणार नाही अशीही शक्यता आहे. बऱ्याच घरात ते गुपित असतं, सांगितलं तर गुण जातो असं मानतात. त्याचा मान ठेव, नाव विचारू नकोस. असं विचार: "नाव जाहीर न करता आजोबा ती फांदी कुणा वनस्पतीतज्ज्ञाकडून ओळखून घ्यायला तयार होतील का?" पुण्यात त्याची सोय आहे, कोरेगाव रोडला बीएसआय, म्हणजे भारतीय वनस्पती सर्वेक्षण, आहे, लॉ कॉलेज रोडजवळ आघारकर संशोधन संस्था आहे, तिथे वाळवलेला नमुना फुलाफळासकट नेला तर जात ओळखता येते. हे गुपित फोडण्यासाठी नाही. उद्या आजोबा थकले आणि नातवानं दिसायला तशीच दुसरी जात तोडून आणली तर कळणार कसं, यासाठी.

स्थानिक औषध पुराव्याच्या वाटेनं गेल्याचं उदाहरण तिला हवं असेल तर सर्पगंधा सांग. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेली मुळी, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पेशंटना देऊन, प्रेशर मोजून, 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं आणि जगभर ती वापरात आली. मोजल्यामुळे तिचा फायदा कळला आणि पुढे मोजल्यामुळेच मन खिन्न होण्यासारखे त्रासही कळले, म्हणून आता ती मागे पडलीये. तिच्या परंपरेचा मान यानं कमी झाला नाही.

आता शंभर टक्क्यांचा प्रश्न. "हजारो लोक बरे झाले" यावर "आकडे दाखव" म्हणू नकोस, रागावल्यासारखं वाटतं. त्याऐवजी न आलेल्यांबद्दल विचार. समजा महिन्यात 100 जण पहिल्या रविवारी आले. तिसऱ्या रविवारी 60 आले आणि सगळ्यांना बरं वाटतंय. आजोबांच्या डोळ्यासमोर हे 60 आहेत, म्हणून त्यांच्या लेखी शंभर टक्के, आणि यात त्यांची काही चूक नाही, जो समोर येत नाही तो कुणालाच दिसत नाही, मलाही माझ्या ओपीडीत दिसत नाही. उरलेल्या 40 मधले बरेच जण बरे होऊन घरीच राहिले असतील, काही दुसऱ्या डॉक्टरकडे गेले असतील, आणि एखादा ससूनला किंवा कुठल्या हॉस्पिटलला आयसीयूत असेल. काविळीत जिवावर बेतणारे पेशंट थोडेच असतात, पण ते नेमके या 40 मधे असतात. प्रश्न: "जे परत येत नाहीत त्यांचं काय होतं हे कळायची काही सोय आहे का? एखादी वही, फोन नंबर?" तिला खरंच रस असेल तर हा तिच्या पुढच्या प्रोजेक्टचा विषय आहे. एक साधी वही, त्यात नाव, वय, डोळे कधी पिवळे झाले, रिपोर्ट असेल तर बिलिरुबिन, आणि 14 व्या आणि 40 व्या दिवशी प्रत्येकाला फोन, आलेल्याला आणि न आलेल्याला सुद्धा. यानं औषध लागू पडतं हे सिद्ध होणार नाही, त्याला तुलनेचा गट लागतोच, पण कुणाला धोका झाला ते तरी कळेल.

आणि मग तो प्रश्न, जो मी तुझ्या जागी असते तर एकच विचारायची मुभा असती तरी विचारला असता. "आजोबा कुणाला औषध देत नाहीत? कुणाला परत पाठवतात?"

यामागे दोन गोष्टी आहेत. काही वर्षांपूर्वी मावळातल्या एका म्हाताऱ्या बाबांना भेटायचा योग आला होता, तेही काविळीचं औषध द्यायचे. मी त्यांना हेच विचारलं. म्हणाले, अंगाला खाज सुटलेली आणि शी पांढरी असली तर मी देत नाही, ती माझी कावीळ नव्हे, त्याला मोठ्या दवाखान्यात जा म्हणतो. आणि साठीच्या पुढचा माणूस, दुखत नाही खुपत नाही पण पिवळा पडत चाललाय आणि वाळत चाललाय, त्यालाही नाही. ही दुसरी खूण म्हणजे स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं अगदी पुस्तकातलं चित्र, बाबांना त्यातलं नाव माहीत नव्हतं पण हे लोक आपल्याकडून बरे होत नाहीत हे त्यांनी अनुभवानं टिपलेलं. त्या एका उत्तरानं त्यांच्याबद्दलचा माझा आदर खूप वाढला.

दुसरी गोष्ट वाईट आहे. मी तेव्हा ज्या हॉस्पिटलात होते तिथे सात महिन्यांची गरोदर बाई आणली होती, दोन रविवार एका ठिकाणचं औषध घेऊन. घरच्यांचं म्हणणं, कावीळ उतरतीये पण ही दिवसभर झोपतेच आणि रात्री जागी, आणि कालपासून काही विचारलं तर भलतंच बोलते. रात्रीची झोप दिवसा आणि रात्रभर जाग, हे लिव्हर थकल्याचं लक्षण आहे, विष मेंदूपर्यंत जायला लागलेलं असतं. रक्त गोठायची तपासणी केली, आयएनआर 3 च्या पुढे, नॉर्मल 1 च्या आसपास असतो. हिपॅटायटिस ई निघाला. एरवी बहुतेकांना जो चार-सहा आठवड्यांत सोडून जातो तोच विषाणू गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर शंभरातल्या 20 ते 25 बायकांपर्यंत जीव घेऊ शकतो. ती वाचली, बाळ गेलं. औषधानं तिचं नुकसान केलं असं मी म्हणत नाही, माझ्याकडे तसं म्हणायला आधार नाही. ते 14 दिवस गेले ते गेले, कारण तिथे तिला कुणी विचारलंच नाही की दिवस आहेत का.

म्हणून "कुणाला परत पाठवतात" या प्रश्नावर ती काय सांगते ते नीट ऐक. गरोदर बाई, झोप उलटी झालेला किंवा बरळणारा पेशंट, नाकातून-हिरड्यांतून रक्त येणारा, पोट फुगलेला, टीबीची औषधं चालू असलेला, खाज आणि पांढरी शी असलेला. यातले दोन-तीन जरी आजोबा स्वतःहून परत पाठवत असतील तर सभेत मोठ्यांदा म्हण की हे फार महत्त्वाचं आहे, स्लाइडवर यायला हवं. तिला माहीत नसेल तर म्हण, "आजोबांना विचारून सांगशील? मला खरंच जाणून घ्यायचंय." ती घरी जाऊन विचारेल, आजोबा विचार करतील, आणि पुढच्या रविवारी रांगेतली एखादी बाई वेळेत हॉस्पिटलला जाईल असं होऊ शकतं.

पथ्याबद्दलही विचार, कारण तिथे परंपरा आणि डॉक्टर बरेचदा एकाच गोष्टीवर येतात. दारू बंद, आराम, हलकं जेवण, हे मीही सांगते. तेल-तुपाचा थेंबही नको हे मात्र गरजेचं नाही, मळमळ नसेल तर माणसानं पोटभर जेवावं, महिनाभर नुसत्या ताकभातावर पोरगं अजून अशक्त होतं. आणि उसाचा रस, ज्याला सगळेच मानतात. गोड आहे, पोटात टिकतो, ठीक आहे. पण रसवंतीवरचा बर्फ कुठल्या पाण्याचा हे कुणी बघत नाही, आणि मुळात कावीळ आली तीच पाण्यातून. हा मुद्दा प्रश्न म्हणून नको, माहिती म्हणून शेवटी सांगितलास तर कुणाला बोचणार नाही.

"अ‍ॅलोपॅथीत तरी काविळीवर कुठे औषध आहे?" हे कुणीतरी सभेतून म्हणणारच. त्याला सरळ हो म्हण. ए आणि ई वर एरवीच्या माणसाला द्यायचं खास औषध आमच्याकडेही नाही, आम्हीही आराम, पाणी, आणि नको ती औषधं बंद, एवढंच करतो, आणि लिव्हर टॉनिक म्हणून लिहून दिल्या जाणाऱ्या बऱ्याच बाटल्यांचा पुरावाही तुझ्या मैत्रिणीच्या पाल्याइतकाच कच्चा आहे. आमचं काम त्या शंभरातला बिघडणारा एक ओळखायचं. हे मान्य केलंस की वाद डॉक्टर विरुद्ध आजोबा असा राहत नाही.

एक-दोन गोष्टी मात्र स्टेजवर अजिबात काढू नकोस. चुन्याच्या निवळीनं हात धुऊन पिवळं पाणी काढतात त्याचा व्हिडिओ तिनं दाखवला तर. आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस हाताला लागलेला असला की चुन्याच्या निवळीत पाणी पिवळं होतं, निरोगी माणसाच्या हाताचंही होतं, आणि शरीरातलं बिलिरुबिन तळहातातून बाहेर पडतही नाही, ते पित्तातून शीत आणि थोडं लघवीत जातं. पण आजोबांनी हे आपल्या वडिलांकडून जसंच्या तसं घेतलेलं असू शकतं, त्यांना स्वतःलाही त्यामागचं माहीत नसेल, आणि शंभर जणांसमोर नातीला ते ऐकवणं क्रूर होईल. नंतर तिला एकटीला गाठून म्हण, "एकदा घरी तुझाच हात तसाच धुऊन बघ, आधी त्यांच्या पद्धतीनं आणि मग हाताला काहीच न लावता." ती स्वतः करून बघेल तेव्हा काय ते तिला कळेल, आणि आजोबांशी कसं बोलायचं ते तिचं ती ठरवेल.

तसंच नाकात थेंब घालायचा प्रकार असेल, देवडांगरीच्या फळाचं पाणी, ज्यानं नाकातून दिवसभर पिवळं पाणी गळतं आणि लोकांना वाटतं कावीळ बाहेर पडली, तर त्याच दिवशी तिच्याशी बोल, पुढच्या रविवारची वाट बघू नकोस. ते पाणी नाकाच्या आतल्या कातडीला जाळतं म्हणून गळतं, आणि लिव्हर बिघडलेल्या माणसाचं रक्त आधीच नीट गोठत नसतं, त्याला नाकातून रक्त सुरू झालं तर थांबवायला अवघड जातं. पोटातलं औषध, पथ्य, रांग, नारळ, सगळं तसंच राहू दे, पण हे थेंब थांबवायला आजोबा तयार होतात का एवढंच तिला विचारायला सांग. आणि ते म्हणाले की थेंबाशिवाय लोकांचा विश्वास बसत नाही, तर मला कळव, मी तुम्हा दोघांबरोबर एखाद्या रविवारी गावी यायला तयार आहे.